सहापर्यंत थांबणार आणि सहापर्यंत संपणार: दोन्हीकडे ‘अनटिल’ का नाही?

फोंड्याची_आई: मुलीच्या वर्कशीटवर दोन गाळलेल्या जागा होत्या. ‘वी विल वेट हिअर ___ सिक्स’ आणि ‘दे विल हॅव फिनिश्ड द वर्क ___ सिक्स’. तिने दोन्हीकडे ‘अनटिल’ लिहिलं. दुसरं चूक दिलंय. मराठीत दोन्हीकडे ‘सहापर्यंत’च, मग तिला कसं समजावू?

पेडणेकर: सोपं आहे. ‘विल हॅव’ दिसलं की ‘बाय’. आम्हाला असंच शिकवलं.

निवृत्त_मास्तर: पेडणेकर, ‘आय विल फिनिश इट बाय फ्रायडे’मध्ये ‘हॅव’ कुठे आहे? ताई, मुलीला साडेपाचला काय चाललंय ते विचारा. थांबणारी माणसं साडेपाचलाही थांबलेलीच असणार, सहापर्यंत सलग, तिथे ‘अनटिल’. काम मात्र साडेपाचला झालं असेल किंवा नसेल, सहा वाजता बघितलं तर झालेलं असणार एवढीच हमी. तिथे ‘बाय’.

म्हापसा_७२: आमचे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले. तिथे ‘आते’ दोन्हीकडे चालतं म्हणायचे. कोंकणीतलं ‘मेरेन’ही तसंच. इंग्रजीच आडमुठी!

फोंड्याची_आई: साडेपाचची युक्ती तिला पटली. पण पुढचं वाक्य आहे, ‘ही वोन्ट हॅव फिनिश्ड ___ सिक्स’. आता?

पेडणेकर: ‘बाय’. ‘हॅव’ आहे.

निवृत्त_मास्तर: इथे दोन्ही बसतात, अर्थ वेगळा होतो. ‘बाय’ घातलं तर सहाला बघाल तेव्हा काम अपुरंच, पुढे कधी संपेल ते सांगितलेलं नाही. ‘अनटिल’ घातलं तर सहापूर्वी नाही, सहाच्या सुमारास संपेल. आपण हे दुसरं ‘सहा वाजल्याशिवाय संपायचं नाही’ असं म्हणतो. ‘शिवाय’ घालून वाक्य जमलं की नकारात ‘अनटिल’ घ्यायचं. असा प्रश्न पुढचंमागचं वाक्य न देता घालणं हाच पेपर काढणाऱ्याचा दोष.

भाषाशुद्धी: मराठीला कशाला कमी लेखता? ‘बाय’साठी ‘सहाच्या आत’ आहेच. लोक आळसाने ‘पर्यंत’ म्हणतात. आणि थांबण्यासाठी ‘वाजेस्तोवर’.

निवृत्त_मास्तर: ‘आत’ म्हटलं तर ठीक सहाला दिलेलं काम उशिरा दिलं असं होईल. ‘बाय सिक्स’मध्ये सहा धरलेले असतात.

म्हापसा_७२: आमच्याकडे ‘तू येईस्तोवर जेवण झालेलं असेल’ असं सर्रास म्हणतात. म्हणजे ‘स्तोवर’ही दोन्हीकडे!

भाषाशुद्धी: ते कोंकणीच्या संगतीने बिघडलेलं मराठी.

म्हापसा_७२: कोल्हापूरची माझी वहिनीही तसंच म्हणते. तिला कुणाची संगत?

फोंड्याची_आई: अहो, त्या तिसऱ्या जागेत तिने काय लिहायचं ते ठरवा ना. उद्या वही द्यायची आहे.

भाषाशुद्धी: आधी वहिनींचं माहेर कुठलं ते कळू द्या.