बदली रक्तदाता दिला म्हणून रक्ताचं बिल कापणं योग्य आहे का?

सुनीता_म (धागाकर्ती)

सासऱ्यांच्या पोटातल्या रक्तस्रावासाठी ऑपरेशन झालं. हॉस्पिटलचं बिल कॅशलेसमध्ये गेलं, पण रक्त बाहेरच्या रक्तपेढीतून आणलं होतं, म्हणून तेवढा दावा नंतर वेगळा टाकला. पीसीव्ही म्हणजे लाल पेशींच्या 2 पिशव्या 3,100, एफएफपी म्हणजे गोठवलेल्या प्लाझ्माच्या 4 पिशव्या 1,600, एसडीपी म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेटची एक पिशवी 11,000, एसडीपीच्या दात्यांच्या तपासण्या 1,800 आणि रिप्लेसमेंटचं, म्हणजे वापरलेल्या रक्ताच्या बदल्यात दाते आणून देण्यासाठीचं, डिपॉझिट 3,000, असे एकूण 20,500 रुपये भरले. विमा कंपनीने फक्त एसडीपीचे 11,000 दिले. बाकी 9,500 समोर एकच ओळ आहे: ‘दात्याशी संबंधित व बदली रक्त, देय नाही’. पीसीव्ही-एफएफपीच्या बिलावर रक्तपेढीने ‘रिप्लेसमेंट मिळाले – 2’ असा शिक्का मारलाय. त्या शिक्क्यामुळे सगळं कापणं बरोबर आहे का? माझ्या मते हा अन्याय आहे. तुमचं मत सांगा.

अनिकेत_प

कंपनीचं चूक वाटत नाही. दोन माणसांनी रक्त दिलं, म्हणजे दोन पिशव्यांची परतफेड झाली. रिप्लेसमेंट दिलं की पिशवी फुकट मिळते असाच नियम आहे. रक्तपेढीने तरीही पैसे घेतले असतील तर ते तिच्याकडून परत मागा. विमा कंपनीने का भरायचे?

रक्तपेढीतला

अनिकेत, थोडं बरोबर आहे, पण मुख्य गोष्ट उलटी धरलीय. रक्ताची किंमत कोणीच आकारायची नसते, बदली दाता असो वा नसो. डिसेंबर 2023 मध्ये औषध महानियंत्रकांनी पुन्हा लेखी बजावलं की रक्तकेंद्रांनी फक्त प्रक्रिया शुल्क घ्यावं. म्हणजे बिलावर जी रक्कम दिसते ती रिकामी पिशवी, एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग आणि मलेरिया या पाच तपासण्या, घटक वेगळे करणं, साठवण आणि क्रॉसमॅच म्हणजे रुग्णाच्या रक्ताशी जुळणी यांची असते. सासऱ्यांना दिलेल्या पिशवीवर हा सगळा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. नातेवाईकाने दुसऱ्या दिवशी रक्त दिलं तर साठ्यात एक नवी पिशवी येते आणि तिच्यावर हाच खर्च नव्याने करावा लागतो. पहिल्या पिशवीचा खर्च त्यामुळे भरून निघत नाही.

राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने 2022 मध्ये पीसीव्हीच्या पिशवीला सरकारी केंद्रात 1,100 आणि खाजगीत 1,550 अशी कमाल मर्यादा घातली. एफएफपीला खाजगीत 400. सुनीताताईंचे आकडे बरोबर त्याच मर्यादेवर आहेत, म्हणजे जास्तीचं काही लावलेलं नाही. काही रक्तपेढ्या शिबिरातल्या रक्तदाता कार्डावर सवलत देतात. ती त्या केंद्राची मर्जी झाली, नियम नव्हे. अशी सवलत खरंच मिळाली असती तर बिलात वजावट दिसली असती. शिक्का म्हणजे वजावट नाही.

दावा_डॉक्टर

मी टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेत, दावे तपासते, म्हणून दुसरी बाजू मांडते. विमा प्रत्यक्ष झालेल्या खर्चाची भरपाई करतो. बदली रक्तदानाची पावती ही पैशाची पावती नाही, त्यामुळे तिच्यावर एक रुपयाही मिळत नाही. ‘दोन माणसांनी रक्त दिलं, त्याची किंमत धरा’ अशी मागणी येते, ती मान्य होणं शक्य नाही. एवढं कंपनीचं बरोबर.

पण या पावतीमुळे शेजारचं प्रक्रिया शुल्क कापणं ही तपासणाऱ्याची चूक आहे. साध्या पॉलिसीतही हॉस्पिटल खर्चात ‘ब्लड’ हा शब्द लिहिलेला असतो. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीचा मजकूर उघडून बघा, भूल, रक्त, ऑक्सिजन अशी ओळ आहे. गोंधळ होतो तो ‘डोनर’ शब्दाने. विमा नियामकाच्या 2013 च्या देय-अदेय यादीत ‘डोनर स्क्रीनिंग चार्जेस’ अदेय होते, आणि दात्याच्या नमुन्याचा रक्तगट व क्रॉसमॅच ‘रक्ताच्या किमतीचाच भाग’ म्हणून वेगळे देय नव्हते. तपासणाऱ्याला कागदावर ‘रिप्लेसमेंट’, ‘डोनर’ दिसतं आणि तो पूर्ण बिल त्याच खात्यात टाकतो. हे चूक आहे, आणि अपील केलं की बहुतेक वेळा सुटतं.

मीना_जोशी

आमच्या ओळखीत मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं होतं. दात्याचा हॉस्पिटलचा खर्च मिळाला, पण आधीच्या तपासण्या नाही मिळाल्या. मग इथेही दात्याचा खर्च मिळायला हवा ना? पॉलिसीत अवयवदात्याचं कलम असतं.

दावा_डॉक्टर

मीनाताई, ते कलम अवयवदात्यासाठी आहे, रक्तदात्याला लागू होत नाही. अपिलात त्याचा उल्लेख केला तर उलट नुकसान होईल. तपासणारा ‘दात्याचा खर्च मागताहेत’ असं समजून पुन्हा त्याच ओळीवर येईल. सुनीताताईंचं म्हणणं उलट असायला हवं: हा दात्याचा खर्च नाही, रुग्णाला दिलेल्या पिशवीचा आहे.

सुनीता_म

मग 9,500 पैकी नेमकं काय मागू? आणखी दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एफएफपीच्या चार पिशव्या आणल्या, पण रक्तस्राव थांबला म्हणून तीनच दिल्या. आणि डिपॉझिट तीन दात्यांचं होतं, दोघे आले. 2,000 परत मिळाले, 1,000 रक्तपेढीने ठेवले.

दावा_डॉक्टर

हे फार महत्त्वाचं होतं. आता एकेक बघू.

पीसीव्हीचे 3,100 पूर्ण मागा. एफएफपीच्या तीन पिशव्यांचे 1,200 मागा. डिपॉझिटमधले 2,000 परत आले, ते मागितले तर खोटी मागणी ठरेल. दावा टाकतानाच ती पावती लावायला नको होती. राहिलेले 1,000 हे दाता न आणल्याबद्दल ठेवलेत, उपचाराचा खर्च नाहीत. ते विम्याकडून मिळणार नाहीत.

आता कागद. मी बिलावरचा पिशवी क्रमांक घेते आणि केसपेपरमधल्या रक्त चढवल्याच्या नोंदीत शोधते. सिस्टर पिशवीवरचं स्टिकर तिथे चिकटवते, सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ लिहिते. बिलात सहा क्रमांक आणि नोंदीत पाच असतील तर पाचच धरते. बऱ्याचदा पिशवी दिलेली असते, पण घाईत स्टिकर लावायचं राहतं आणि पेशंटचे पैसे जातात. म्हणून डिस्चार्जनंतर लगेच इनडोअर केसपेपरच्या प्रती घ्या, क्रमांक स्वतः जुळवा. त्यासोबत डॉक्टरांची सही-शिक्क्याची मागणी चिठ्ठी आणि क्रॉसमॅच रिपोर्ट लावा. बिल रुग्णाच्या नावावर हवं. आणणाऱ्या मुलाच्या किंवा जावयाच्या नावावर असेल तर हमखास क्वेरी येते.

रक्तपेढीतला

त्या 1,000 वर मी गप्प बसणार नाही. 2002 च्या राष्ट्रीय रक्त धोरणातच बदली दाते हळूहळू बंद करायचे ठरले होते. दाता आला नाही म्हणून पैसे अडकवून ठेवणं हा दंडच झाला. रक्तपेढीकडे लेखी मागा आणि कोणत्या शुल्कापोटी ठेवले ते बिलावर लिहून द्यायला सांगा. तसं लिहून देता येणार नाही, तेव्हा पैसे परत येण्याचीच शक्यता जास्त. तिथे नाही झालं तर राज्य रक्त संक्रमण परिषदेकडे तक्रार करा.

चौथ्या एफएफपीबद्दल मात्र दावा_डॉक्टरांशी मतभेद आहे. एफएफपी उणे तापमानात गोठलेलं असतं. मागणी आली की 37 अंशांच्या पाण्यात वितळवून देतो. एकदा वितळलं की पुन्हा गोठवून साठ्यात ठेवता येत नाही. चार पिशव्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मागवल्या, त्या वितळवल्या, खर्च झाला. पेशंटचा रक्तस्राव तीन पिशव्यांत थांबला हे त्याचं नशीब चांगलं. त्याचे 400 त्याच्या माथी का?

दावा_डॉक्टर

भावना समजते. पण मला नोंदीत न दिलेली पिशवी मंजूर करायला आधार काय? उद्या कोणी दहा पिशव्या आणून चार वापरेल.

रक्तपेढीतला

आधार मागणी चिठ्ठीवर असतो. चार लिहिल्यात का, आणि नंतर डॉक्टरांनी केसपेपरमध्ये ‘चौथी पिशवी वितळवलेली होती, रक्तस्राव थांबल्याने दिली नाही, टाकून दिली’ अशी नोंद केली आहे का, ते बघा. ऑपरेशन थिएटरमध्ये उघडलेला आणि न वापरलेला टाका तुम्ही देताच ना?

दावा_डॉक्टर

तशी नोंद असेल तर मी वरिष्ठांकडे पाठवीन. माझ्या पातळीवर तरी कापीनच.

अनिकेत_प

प्रक्रिया शुल्काचं पटलं. पण मग एसडीपीच्या दात्यांच्या 1,800 चं काय? तेही प्रक्रियेचाच भाग नाहीत का?

रक्तपेढीतला

सुनीताताई, दोन दाते आणले होते ना? एसडीपीच्या दात्याचे प्लेटलेट दीड लाखाच्या वर लागतात, शिवाय बाकी तपासण्या. जो दाता चालला, त्याची तपासणी 11,000 मध्ये धरलेली असायला हवी. त्याचे वेगळे 900 म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे. ते रक्तपेढीकडून परत मागा. दुसरा दाता का नाकारला, ते विचारा.

सुनीता_म

दुसऱ्याचे प्लेटलेट 1,30,000 आले, म्हणून नाकारलं.

दावा_डॉक्टर

मग ते 900 शुद्ध डोनर स्क्रीनिंग. त्याच्या रक्तातला एक थेंबही पेशंटला गेलेला नाही. कंपनी देणार नाही, आणि मी तिच्याशी सहमत आहे.

रक्तपेढीतला

मी नाही. दाता नाकारला जाणं हा एसडीपी मिळवण्याच्या प्रक्रियेचाच भाग आहे. पण सध्याच्या शब्दांत तुम्ही जिंकाल हे मान्य.

सुनीता_म

म्हणजे अपिलात 3,100 आणि 1,200 मिळून 4,300 ठामपणे, आणि चौथ्या एफएफपीचे 400 डॉक्टरांची नोंद सापडली तर. रक्तपेढीकडे 1,000 आणि 900. बदली रक्तदानाची पावती अपिलाला जोडू की काढून टाकू?

अनिकेत_प

काढून टाका. त्या पावतीमुळेच तर गोंधळ झाला.

दावा_डॉक्टर

काढू नका. शिक्का बिलावर आहेच, पावती नसेल तर लपवल्यासारखं दिसेल. त्यापेक्षा रक्तपेढीकडून सुधारित बिल घ्या: प्रत्येक पिशवीसमोर क्रमांक, घटक, दर आणि ‘प्रक्रिया शुल्क’ हे शब्द, खाली ‘बदली रक्तदानापोटी कोणतीही वजावट दिलेली नाही’ ही ओळ, आणि डिपॉझिट वेगळ्या पावतीवर. ती एक ओळ असली की शिक्क्याला अर्थ उरत नाही. अर्ज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्या. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं.

रक्तपेढीतला

अशी ओळ लिहून द्यायला रक्तपेढीला काही अडचण नसते. बिलिंगच्या खिडकीवर नकार मिळाला तर वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटा. पिशवी क्रमांक आमच्या वितरण नोंदवहीत असतात, बिलावर छापलेले नसले तरी त्यावरून काढून देता येतात.

सुनीता_म

आत्ता केसपेपरची प्रत उघडली. तीन एफएफपीपैकी एकाचं स्टिकर नाही, फक्त वेळ लिहिलीय: 2.40 ते 3.10. क्रमांक नाही.

दावा_डॉक्टर

मग आधी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात जा. त्या वेळेची नोंद आणि रक्तपेढीच्या वितरण नोंदवहीतली वेळ जुळत असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून तो क्रमांक नमूद केलेलं पत्र घ्या. मूळ केसपेपरवर आता कोणालाही स्टिकर चिकटवू किंवा क्रमांक लिहू देऊ नका. नंतर घातलेली नोंद ओळखू येते, आणि मग पाचही पिशव्यांवर संशय जातो.