मदत हवी आहे: फॉरवर्ड एकच, मग १५ लाखांपैकी ९ लाखच ओसीआयमध्ये का?

लेजरवाली
नमस्कार मंडळी. चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. आम्ही पंपाचे सुटे भाग अमेरिकेला पाठवतो. मूळ कंपनी लिस्टेड असल्यामुळे आम्हालाही इंड एएस लागू आहे. सध्या ऑडिट चालू आहे आणि एका नोंदीवर गाडं अडलंय.

१० जानेवारीला साहेबांनी १० लाख डॉलर विकायचा फॉरवर्ड बुक केला. दर ८४.००, डिलिव्हरी ३० जून. माल मेमध्ये निघणार, पैसे जूनअखेर येणार. ३१ मार्चच्या बँकेच्या एमटीएम पत्रात ३० जूनचाच फॉरवर्ड दर ८५.५० आहे. म्हणजे डॉलरमागे दीड रुपया, एकूण १५ लाख तोटा. (आकडे गोल केलेत, डिस्काउंटिंग सोडून दिलंय.) माल अजून शॉपफ्लोअरवरच आहे, त्यामुळे बिल नाही, येणं नाही, तोट्यासमोर दाखवायला काहीच नाही.

हा फॉरवर्ड त्या ऑर्डरचं हेज आहे असं दाखवणारे कागद मी २५ फेब्रुवारीला केले, तेही मुख्य कार्यालयाने मागितले म्हणून. त्या दिवशी हाच दर ८४.६० होता. आता ऑडिटर म्हणतात, ६ लाख नफा-तोट्यात आणि फक्त ९ लाख त्याबाहेर, ओसीआयमध्ये. साहेब म्हणतात, फॉरवर्ड एक, ऑर्डर एक, मग तोट्याचे दोन तुकडे कसे? मला दोघांचंही पटतंय, हीच पंचाईत आहे.

विंडोसीट
तोटा वाढतोय तर फॉरवर्ड रद्द करून टाका ना. डॉलर वर चाललाय, मोकळे राहिलात तर ८५-८६ ला विकता येईल.

लेजरवाली
अहो, रद्द केला तरी तो तोटा बँक आजच वसूल करणार. आणि साहेबांनी ऑर्डरचा भाव ८४ धरूनच दिलाय, त्यांना वरचे पैसे नकोच आहेत. माझा प्रश्न नोंदीचा आहे.

कॉस्टिंगचा_कंटाळा
पूर्ण १५ लाख ओसीआयमध्ये टाका. फॉरवर्डमधला बदल आणि ऑर्डरच्या किमतीतला बदल यांचं गुणोत्तर ८० ते १२५ टक्क्यांत बसलं की हेज पास. तुमचं तर १०० टक्के बसतंय. आम्ही वर्षानुवर्षं असंच केलंय.

मध्यरात्रीचा_सीए
कंटाळा, ओसीआय ही जागा बरोबर, पण पूर्ण १५ लाख नाही, आणि ८०-१२५ ची पट्टी जुन्या ३९ नंबरच्या मानकातली. आताच्या इंड एएस १०९ मध्ये ती नाही. तिथे बघतात ते एवढंच: हेज आणि ऑर्डर यांच्यात खरा आर्थिक संबंध आहे का, बँकेची पतजोखीम त्या संबंधावर भारी पडत नाही ना, आणि जेवढ्या डॉलरला जेवढा फॉरवर्ड प्रत्यक्षात लावलाय तेच प्रमाण कागदावर आहे का. लेजरवालीताईंची अडचण यातल्या कशातच नाही, तारखेत आहे.

ताई, फॉरवर्ड १० जानेवारीला जन्मला, पण तुमच्या वह्यांत तो ‘हेज’ झाला २५ फेब्रुवारीला. मधल्या दीड महिन्यात तो नुसताच एक डेरिव्हेटिव्ह होता, म्हणून त्या काळातले ६० पैसे, म्हणजे ६ लाख, थेट नफा-तोट्यात. पुढचे ९० पैसे, म्हणजे ९ लाख, ओसीआयमध्ये. मागच्या तारखेने हेज ठरवता येत नाही, कारण मग लोक मार्चअखेर दर बघून ठरवतील की तोट्यातले फॉरवर्ड हेज आणि फायद्यातले मोकळे. घोडा पहिला आल्यावर तिकीट काढल्यासारखं.

ऑडिटर कदाचित ९ लाखांतलाही थोडासा भाग अकार्यक्षम म्हणून नफा-तोट्यात घेईल. २५ फेब्रुवारीला नवा फॉरवर्ड घेतला असता तर त्याची किंमत शून्य असती. तुमचा त्या दिवशी आधीच ६ लाख तोट्यात होता, त्यामुळे दोघांचा बदल पै न् पै जुळत नाही. पण रक्कम किरकोळ असेल.

लेजरवाली
बरं. पण ते ९ लाख ओसीआयमध्ये कायमचे पडून राहणार का? साहेबांची भीती तीच आहे.

मध्यरात्रीचा_सीए
नाही, ते विक्रीची वाट बघत थांबतात. समजा १० मे रोजी बिल झालं. त्या दिवशी स्पॉट ८५.६० आणि ३० जूनचा फॉरवर्ड ८५.९०. ओसीआयच्या रिझर्व्हमध्ये तोवर १३ लाख तोटा साठलाय (८५.९० वजा ८४.६०). विक्री स्पॉटने ८ कोटी ५६ लाखांना लागते आणि त्याच दिवशी रिझर्व्हमधले १३ लाख काढून विक्रीतून वजा होतात. विक्री उरली ८ कोटी ४३ लाख.

तिथून पुढे येणं उभं राहिलं, आणि त्याचं रिव्हॅल्युएशन नफा-तोट्यातच जातं. त्यामुळे फॉरवर्डचा पुढचा बदलही तिथेच घ्या, हेज अकाउंटिंगची गरज संपली. ३० जूनला स्पॉट ८६.२० निघाला तर येण्यावर ६ लाख फायदा, फॉरवर्डवर ३० पैशांनी ३ लाख तोटा. आता बेरीज मारा: ८.४३ कोटी, अधिक ६ लाख, वजा ३ लाख, वजा मार्चचे ६ लाख. ८ कोटी ४० लाख. बँकेत येणार तेवढेच. एकूण पैसा बदलत नाही, तो कुठल्या वर्षात आणि कुठल्या ओळीत दिसतो एवढंच बदलतं. तुमच्या दीड महिन्याच्या उशिराने ६ लाख मागच्या वर्षात अडकले, बुडाले नाहीत.

बेदाणा_तासगाव
माझंही सांगतो. मी बेदाणा बाहेर पाठवतो, कंपनी छोटी, इंड एएस नाही. गेल्या हंगामात अवकाळीने माल काळा पडला आणि खरेदीदाराने ऑर्डर पाचात दोन भागांनी कापली. फॉरवर्ड मात्र पूर्ण होता. माझ्या सीएने सगळा तोटा त्याच वर्षात टाकला. ताईंच्या बाबतीत असं झालं तर?

मध्यरात्रीचा_सीए
भाऊ, तुमचे नियम वेगळे. आधीच असलेल्या येण्यासाठी एएस ११, आणि पुढच्या ऑर्डरींच्या फॉरवर्डसाठी आयसीएआयची डेरिव्हेटिव्हवरची मार्गदर्शिका. ताईंच्या बाबतीत ऑर्डर १० लाखांवरून ६ लाख डॉलरवर आली, तर उरलेल्या ४ लाखांच्या वाटचा रिझर्व्ह लगेच नफा-तोट्यात. पण ऑर्डर नुसती पुढे ढकलली आणि माल जाणार हे नक्की असेल, तर रिझर्व्ह जागेवर राहतो. म्हणून मे महिन्याचं डिस्पॅच शेड्यूल ऑडिटरला दाखवायला हाताशी ठेवा.

कॉस्टिंगचा_कंटाळा
पट्टी गेली हे खरंच माहीत नव्हतं. उद्या ऑफिसात आमची वर्किंग शीट उघडून बघतो. पण साहेबांनी जानेवारीत काहीच लिहून ठेवलं नव्हतं?

लेजरवाली
आत्ता शोधलं. १० जानेवारी, दुपारी ३.४० चा मेल आहे, बँकेच्या डीलरला आणि मला सीसी: ‘मेमधल्या पंप ऑर्डरसाठी १ मिलियन जून सेल करतोय, पूर्ण कव्हर.’ हा कागद चालेल का?

मध्यरात्रीचा_सीए
मानकाने छापील फॉर्म सांगितलेला नाही, म्हणून मेल असला तरी चालतो. प्रश्न मजकुराचा आहे. फॉरवर्ड कुठला, कशासाठी, धोका डॉलरचा, प्रमाण पूर्ण, हे सगळं मेलमध्ये आहे. हेज कामाला येतंय हे कसं तपासणार, ते नाही. कंपनीची जोखीम-पॉलिसी जानेवारीच्या आधीच मंजूर असेल आणि तिच्यात ती पद्धत लिहिलेली असेल, तर मेल आणि पॉलिसी मिळून कागद पुरा होतो असं मी तरी मांडेन.

ऑडिटवाला_बाबा
मी दुसऱ्या बाजूचा माणूस. मी हे मान्य केलं नसतं. मेलमध्ये पॉलिसीचा उल्लेख नाही आणि ऑर्डर नंबरही नाही. मेमध्ये पंपाची ऑर्डर एकच होती का?

लेजरवाली
दोन होत्या, पण दुसरी युरोमध्ये. पॉलिसी बोर्डाने नोव्हेंबरमध्ये मंजूर केलीय, त्यात तपासणीचा परिच्छेद आहे. दोन्ही कागद आणि दोन्ही ऑर्डरी लावून उद्या ऑडिटरना पाठवते. काय म्हणतात ते इथे टाकते.