मदत हवी आहे: ‘कर्ता’ की ‘करता’, कसं ओळखायचं?

रोमन अक्षरांतून देवनागरी टंकताना मधला आणि शेवटचा a गाळल्याने एका जुन्या फाइलभर असं झालंय: ‘तो काम् कर्ता कर्ता बोल्तो’. शब्दाअखेरचे हलन्त सोपे. मराठी लेखननियमांनुसार ‘अर्थात’, ‘विद्वान’सुद्धा पाय न मोडताच लिहितात, म्हणून हे शोधून सरसकट काढले:

```
्(?=[\s.,;?!]|$)
```

अडलंय ते मधल्या जोडाक्षरांवर. ‘बोल्तो’ शब्दकोशात नाही, त्यामुळे हलन्त काढून ‘बोलतो’ मिळतं. पण ‘कर्ता’ हा खरा शब्द आहे! ‘घरातील् कर्ता माणूस्’ इथे तो तसाच राहायला हवा, वरच्या वाक्यात मात्र ‘करता’ हवं. शब्दाची द्विरुक्ती किंवा पुढचं ‘येतं’, ‘आला’ पाहून काही जागा सुटतात. उरलेल्यांसाठी शेजारच्या शब्दांवरून निवड करणारी पद्धत कुणी वापरली आहे का? प्रत्येक जागा डोळ्यांनी तपासायची माझी तयारी आहे, फक्त संशयित शब्दांची यादी आधी हवी.