मदत हवी आहे: पत्रिकेच्या स्लाइड्स पाठवल्या तरी पाहुणे फोन करकरून तेच विचारताहेत

हायवेवरचा_आंबा
मंडळी जरा अर्जंट आहे. बहिणीचं लग्न पुढच्या रविवारी. छापील पत्रिका फक्त शंभर काढल्या, बाकीच्यांसाठी मी कॅन्व्हावर सहा स्लाइड केल्या. पहिली गणपती, दुसरी नावं, तिसरी कार्यक्रमांचा क्रम, चौथी पत्ता आणि क्यूआर कोड, पाचवी ड्रेस कोड, सहावी निमंत्रक. परवापासून पाठवतोय आणि दिवसभर फोन, हळद किती वाजता, हॉल कुठे, एक मावशी तर म्हणे अरे नुसता गणपती आला, लग्न कोणाचं? सगळं लिहिलंय तरी! चांगलं टेंप्लेट असेल तर सुचवा प्लीज.

सातपुडा_वारा
इन्स्टावर टाकलं की वॉट्सअ‍ॅपवर? सगळ्यांना एकेक की ग्रुपवर? आणि हळद आणि लग्न एकाच जागी का?

हायवेवरचा_आंबा
वॉट्सअ‍ॅपच हो, मावश्या इन्स्टावर कुठे. ग्रुपवर टाकलं, तिथून लोक पुढे ढकलतात. टेंप्लेट सांगा ना.

भुसावळ_लोको
टेंप्लेट बिंप्लेट काही नको, पाठवताना वर एचडी असतं ते दाबायचं. अक्षरं पुसट येतात म्हणून लोक वाचत नाहीत. माझ्या भाच्याच्या वेळी हेच केलं, एकाचाही फोन नाही.

खिळेजुळारी
मी जळगावात पंधरा वर्षं पत्रिका छापतोय, आता निम्मं काम मोबाइलवरच्या पत्रिकांचं. एचडीने अक्षरं साफ येतात हे खरं, पण यांचं दुखणं ते नाही. सहा फोटो एका हारात फक्त तुमच्या फोनवर असतात. ग्रुपवर पडले की त्यांचा एक गठ्ठा दिसतो, माणूस वरचे दोन-तीन बघतो, पुढे पाठवताना एखादाच निवडतो. मग मावशीला गणपती आणि दुसऱ्या कोणाला नुसता ड्रेस कोड. प्रत्येक स्लाइड एकटी फिरणार हे धरूनच बनवायची. वरच्या पट्टीत प्रत्येकीवर वधू-वरांची नावं, वार, तारीख, गाव. गणपती पहिल्या स्लाइडच्या कोपऱ्यात छोटा ठेवा, बाप्पा रागावत नाही. त्याच स्लाइडवर लग्न कधी आणि कुठे हे आलंच पाहिजे.

दुसरं, तो क्यूआर. ज्या फोनवर पत्रिका आली त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? पोरं स्क्रीनवरचं चित्र ओळखायला लावतील, काका लावणार नाहीत. आणि फोटोवर छापलेली लिंक दाबली तरी उघडत नाही. लिंक मजकूर म्हणून वेगळ्या मेसेजमध्ये पाठवा. फोटोखालचा मजकूर पुढे पाठवताना गळू शकतो.

सातपुडा_वारा
त्यापेक्षा पीडीएफ करा ना. पानांचा क्रम हलत नाही, एकच फाइल सगळी जाते, आणि कॅन्व्हात अक्षरांवर लावलेली लिंक पीडीएफमध्ये दाबली तर उघडते.

खिळेजुळारी
तीस-पस्तिशीच्या लोकांसाठी उत्तम. पण माझ्या गिऱ्हाइकांचा अनुभव असा की साठीच्या पुढचे पीडीएफ उघडतच नाहीत, "डाउनलोड का मागतंय" म्हणतात. मी दोन्ही देतो. एक फोटो ज्यात सगळं थोडक्यात, आणि एक पीडीएफ.

तापीकाठची_लेक
नकाशाची लिंक नीट तपासा हो. आमच्या दिराच्या लग्नाला हॉलचं नाव टाकून शोधलं आणि जी पहिली आली ती लिंक दिली, त्याच नावाचा दुसरा हॉल तालुक्याला निघाला. वऱ्हाडातली दोन गाड्या माणसं तिकडे, तिथे कोणाचा तरी साखरपुडा चालू होता. यांनी नाश्ताही केला वर 😀

हायवेवरचा_आंबा
मी पण नाव टाकूनच शोधलं 😬 हॉल पारोळा आणि एरंडोलच्या मधे हायवेवर आहे. आणि हो सातपुडा भाऊ, हळद हॉलवर नाही, आदल्या दिवशी संध्याकाळी गावात घरासमोर मांडवात. ते सगळ्यांना माहीतच आहे ना.

खिळेजुळारी
भाऊ, हे आधी सांगायचं! चौथ्या स्लाइडवर पत्ता एकच, हॉलचा. मग पुण्याहून येणारा माणूस हळदीला हॉलवरच जाणार, तिथे कुलूप. दोन जागा म्हणजे दोन स्लाइड आणि दोन लिंका. हळदीच्या स्लाइडवर हळदीची वेळ, घराचा पत्ता आणि हळदीचा पोशाख, सगळं एकत्र. लग्नाचं तसंच. क्रम एका जागी, पत्ता दुसऱ्या, कपडे तिसऱ्या असं करू नका, लोक जोडत बसत नाहीत.

हॉलची खूण हॉलच्या छपरावर नको, फाटकावर. नकाशात फाटकापाशी बोट दाबून धरा, पिन पडते, तिची लिंक घ्या आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. छपरावरच्या पिनला नकाशा कधी मागच्या शेताच्या रस्त्याने नेतो, कधी पलीकडच्या लेनवर आणून सोडतो. मधे दुभाजक, मग माणूस हॉल बघत बघत पुढे निघून जातो. हॉल कोणत्या हाताला आहे?

हायवेवरचा_आंबा
धुळ्याहून आलं तर डाव्या हाताला.

खिळेजुळारी
मग दोन ओळी लिहा. "धुळे-पारोळ्याकडून: डाव्या हाताला सर्व्हिस रोडला उतरा, हॉल त्यावरच." आणि "जळगाव-एरंडोलकडून: हॉल उजवीकडे दिसेल पण तिथे वळता येत नाही, पुढच्या अंडरपासखालून फिरून सर्व्हिस रोडने मागे या." अंडरपास कुठे आहे, सर्व्हिस रोड कुठून सुटतो, ते गाडीने जाऊन बघा, घरून लिहू नका. ओळखायला पेट्रोल पंप बिंप काही असेल तर त्याचं नाव घाला.

जुना_पाटील
हल्ली हे मोबाइलवरचं फॅड. पत्रिकेला हळद-कुंकू लावून घरी जाऊन द्यायची, पहिली कुलदैवताला. फोनवर बोलावलं तर आमचा मान राहतो का? मी तर येत नाही अशा लग्नाला.

भुसावळ_लोको
पाटील, त्यांनी विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय. तुम्हाला बोलावलंच कोणी 😀

तापीकाठची_लेक
ड्रेस कोडमध्ये काय लिहिलंय ते दाखवा.

हायवेवरचा_आंबा
"हळद: सर्वांनी पिवळे वस्त्र परिधान करावे. लग्न: महिलांनी नऊवारी, पुरुषांनी फेटा."

तापीकाठची_लेक
मे महिन्यात आपल्याकडे ४४ च्या वर जातं, त्यात मांडवाखाली नऊवारी? "सुती, हलकं घाला, हळद लागेल म्हणून जुनं चालेल" हे लिहिलं असतं तर लोकांच्या कामाचं. आणि "सर्वांनी" काढा. आमच्या आत्या विधवा, असलं वाचून हळदीला आल्याच नाहीत, नंतर कळलं.

भुसावळ_लोको
मग फोटोत रंग कसा जुळणार? फोटोग्राफरचे पैसे वाया. पिवळं पाहिजेच. फेटे मात्र हॉलवर बांधून देणार असाल तर तसं लिहा, नाहीतर लोक विकत घेत फिरतील.

खिळेजुळारी
फेट्याचं बरोबर बोललात. पिवळ्याचं तुमचं तुम्ही बघा. आणि वेळ लिहिताना मुहूर्त १२.२० एवढंच नका लिहू, मिरवणूक किती वाजता निघणार तेही लिहा. आपल्याकडे नाचणं संपेपर्यंत मुहूर्त कोण बघतो, पण लांबून आलेल्याला परतीची गाडी असते.

हायवेवरचा_आंबा
झालं. तीन स्लाइड केल्या: सगळं थोडक्यात, हळद, लग्न. पिन फाटकावर टाकली, काल जाऊन आलो, अंडरपास वाटलं त्यापेक्षा बराच पुढे निघाला. "सर्वांनी" काढलं, "आवडल्यास पिवळं" केलं, बहीण फुगलीये. आता प्रश्न असा की जुन्या स्लाइड अजून फिरतायत, आज सकाळी चुलतमामांनी मलाच जुना क्यूआर पाठवला. डिलीट फॉर एव्हरीवन करू का?

सातपुडा_वारा
तीन दिवस झाले ना, आता ते होत नाही. आणि झालं असतं तरी पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात.

खिळेजुळारी
नव्या स्लाइडचा रंगच बदला, जुनी लाल असेल तर हिरवी करा. वर "सुधारित पत्रिका, लाल पत्रिका बाद" असं लिहा. आणि हळदीच्या संध्याकाळी हॉलच्या फाटकावर एक पोरगा उभा करा, कोणी ना कोणी येणारच तिकडे.

जुना_पाटील
जेवणाला वरण-बट्टी आहे का? घोटलेली वांग्याची भाजी असेल तर कळवा.