कर्जमंजुरीपत्रातील ‘देय रक्कम’, ‘दंडव्याज’ आणि ‘मुदतपूर्व परतफेड’

मसुदालेखक

मी एका बिगर-बँक वित्तसंस्थेत काम करतो आणि तेथील मराठी कर्जमंजुरीपत्र नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सध्याच्या पत्रात २६ अटी एकाखाली एक छापलेल्या आहेत. हप्त्याची रक्कम अट ४ मध्ये, हप्त्याची तारीख अट ११ मध्ये, उशिराचा आकार अट ७ आणि अट १९ अशा दोन ठिकाणी, तर कर्ज लवकर फेडण्याचा नियम अट २३ च्या मधल्या एका वाक्यात आहे. ज्याला हप्ता चुकल्यावर काय होईल हे पाहायचे आहे, त्याला सगळे पत्र वाचावे लागते. ज्या दोन वाक्यांवर मी अडलो आहे ती अशी:

> ७. कर्जदाराने देय रक्कम विहित मुदतीत अदा न केल्यास देय रकमेवर द.सा.द.शे. २४ दराने दंडव्याज आकारण्याचा संस्थेचा अधिकार अबाधित राहील.
>
> २३. संस्थेच्या पूर्वपरवानगीने कर्जदारास मुदतपूर्व परतफेड करता येईल व त्याकरिता २ टक्के आकार देय राहील.

‘देय रक्कम’, ‘दंडव्याज’ आणि ‘मुदतपूर्व परतफेड’ या तीन शब्दांना सोपे आणि अचूक पर्याय हवे आहेत. मथळे कसे असावेत हेही सुचवावे.

भाषांतरकर्ती

मथळ्यांसाठी नामे शोधू नयेत, असे मला वाटते. कर्जदार पत्र उघडतो तेव्हा त्याच्या मनात एक प्रश्न असतो आणि मथळ्याने त्या प्रश्नाशी जुळावे. ‘हप्ता किती आणि कधी भरायचा’, ‘हप्ता उशिरा भरल्यास’ आणि ‘कर्ज मुदतीआधी फेडायचे असल्यास’ असे तीन मथळे केल्यास पत्र हातात घेणारा माणूस नजर फिरवून आपली जागा शोधू शकेल. ‘अदा’, ‘विहित’, ‘अबाधित’ हे शब्द सरळ काढून टाकता येतील. ‘अधिकार अबाधित राहील’ या शेपटीमुळे तर आकार खरोखर लागणार की कोणाच्या तरी मर्जीवर अवलंबून आहे, हेच कळत नाही.

हिशेबनीस

मी सहकारी बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झालो आहे. मथळ्यांची सूचना मला पटली, परंतु अट ७ मधील खरी अडचण क्लिष्ट शब्दांत नसून ‘देय रक्कम’ या साध्या दिसणाऱ्या शब्दात आहे. देय म्हणजे द्यावयाचे. उशीर झालेला हप्ता देय असतो आणि उरलेले सगळे कर्जही एका अर्थाने देयच असते. या दोन अर्थांत किती अंतर पडते ते आकड्यांत पाहावे.

समजा, कर्ज ५,००,००० रुपये, व्याज वार्षिक १२ टक्के आणि मुदत ६० महिने आहे. हप्ता ११,१२२ रुपये येतो. कर्जदाराने पहिलाच हप्ता २० दिवस उशिरा भरला. चुकलेल्या हप्त्यावर वार्षिक २४ टक्क्यांनी २० दिवसांचा आकार १४६ रुपये होतो, आणि तोच दर शिल्लक कर्जावर लावला तर ६,५७५ रुपये होतो. वाक्य एकच, पण दोन्ही वाचने त्यात बसतात. म्हणून ‘देय रक्कम’ हा शब्द या कलमातून पूर्णपणे काढावा आणि जे म्हणायचे आहे ते, म्हणजे ‘न भरलेला हप्ता’, लिहावे. ‘थकीत कर्ज’ हा पर्यायही घेऊ नये, कारण त्यात तोच घोळ आहे.

दुसरी गोष्ट ‘दंडव्याज’ या शब्दाची. हा शब्द आता केवळ भाषेच्या दृष्टीने जुना राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार कर्जाच्या अटी मोडल्याबद्दल घ्यावयाची रक्कम व्याजदरात मिसळता येत नाही. ती स्वतंत्र आकार म्हणून घ्यावी लागते आणि त्या आकारावर पुन्हा व्याज लावता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. तुमच्या पत्रात ‘दंडव्याज’ राहिले तर वाचणारा त्याला व्याजच समजेल आणि ते मुद्दलात मिळवले जाईल असेही गृहीत धरेल.

नवा वाचक

अट २३ वर इतका विचार करण्याची गरज नसावी. १ जानेवारी २०२६ पासून रिझर्व्ह बँकेने मुदतपूर्व परतफेडीवरचा आकार बंद केला आहे. त्यामुळे ते कलमच वगळावे आणि एक मथळा वाचवावा.

हिशेबनीस

हे अर्धे बरोबर आहे. ती तारीख खरी आहे, पण ज्या व्यक्तीने व्यवसायाखेरीज इतर कारणासाठी बदलत्या व्याजदराचे कर्ज घेतले आहे, तिच्याकडून असा आकार घेता येत नाही, असा तो नियम आहे. त्या तारखेला किंवा त्यानंतर मंजूर झालेल्या अथवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना तो लागू होतो. स्थिर व्याजदराच्या कर्जावर आकार असू शकतो. शिवाय आकार आहे की नाही हे मंजुरीपत्रात आणि करारपत्रात स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि जो आकार असा सांगितलेला नाही तो घेता येत नाही, असेही त्याच निर्देशांत आहे. म्हणून आकार शून्य असला तरी मथळा ठेवावा आणि खाली ‘कोणताही आकार नाही’ असे लिहावे. कलम गाळले तर कर्जदाराला आकार नाही हे कळणार नाही. त्याला एवढेच वाटेल की पत्रात ते सापडले नाही.

मसुदालेखक

आमची ही कर्जे स्थिर दराची आहेत, त्यामुळे २ टक्के आकार राहणार आहे.

हिशेबनीस

मग कशाचे २ टक्के, हे लिहिलेच पाहिजे. वरच्याच कर्जदाराने बारा हप्ते भरल्यावर त्याचे शिल्लक मुद्दल सुमारे ४,२२,३५५ रुपये असते. तो तेव्हा १,००,००० रुपये एकरकमी भरू पाहतो. भरलेल्या रकमेवर आकार २,००० रुपये होतो, शिल्लक मुद्दलावर धरला तर सुमारे ८,४४७ रुपये. आकार भरलेल्या रकमेवरच असला पाहिजे, पण तुमच्या वाक्यावरून ते समजत नाही.

याहून मोठी उणीव अशी की, लाख रुपये भरल्यानंतर पुढे काय होते हे अट २३ सांगतच नाही. हप्ता ११,१२२ रुपयेच ठेवला तर उरलेले ४८ हप्ते ३५ वर येतात आणि शेवटचा हप्ता लहान असतो. मुदत तीच ठेवली तर हप्ता सुमारे ८,४८९ रुपयांवर येतो. पहिल्या मार्गाने एकूण व्याज कमी जाते, दुसऱ्या मार्गाने दरमहाचा भार कमी होतो. निवड कर्जदाराची आहे की संस्थेची, आणि त्याने काहीच न कळवल्यास कोणता मार्ग धरला जाईल, हे पत्रातच हवे. माझ्या अनुभवात खिडकीवर येणाऱ्या तक्रारी आकारापेक्षा याच गोष्टीवरून अधिक असत.

एक कर्जदार

माझा हप्ता एकदा तीन दिवस उशिरा गेला. खात्याच्या उताऱ्यात दोन नोंदी आल्या, एक ‘विलंब’ आणि दुसरी ‘मँडेट परत’. दुसरी नोंद मला मंजुरीपत्रात कुठेच सापडली नाही. ती माफ करून घेण्यासाठी विनंती अर्ज मराठीत कसा लिहावा, हे कोणी सांगेल का? चर्चा याच विषयाची आहे असे समजून विचारत आहे.

भाषांतरकर्ती

अर्जाचा विषय वेगळा आहे. त्यासाठी आधी संस्थेकडे आकारांची यादी मागावी आणि त्या नोंदीचा आधार कोणत्या कलमात आहे हे लेखी विचारावे. मात्र तुमच्या अनुभवातून या मसुद्याला एक उपयोगी गोष्ट मिळते. हप्ता चुकला की कर्जदाराला दोन वेगळे आकार लागतात, आणि दोन्ही वेगवेगळ्या विभागांनी ठरवलेले असल्यामुळे पत्रातही ते वेगवेगळ्या ठिकाणी जातात. तुमची अट ७ आणि अट १९ अशीच विभागली गेली आहे का?

मसुदालेखक

होय. अट १९ मध्ये खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने मँडेट परत गेल्यास ५०० रुपये, असे आहे. वरील सर्व सूचना घेऊन पहिल्या पानाचा मजकूर असा केला आहे:

> हप्ता किती आणि कधी भरायचा
> हप्ता ११,१२२ रुपये आहे. तो दर महिन्याच्या ५ तारखेला भरावयाचा आहे. एकूण हप्ते ६०. प्रत्येक हप्त्यातील व्याज आणि मुद्दल शेवटच्या पानावरील तक्त्यात दिले आहे.
>
> हप्ता उशिरा भरल्यास
> न भरलेल्या हप्त्याच्या रकमेवर, जितके दिवस उशीर होईल तितक्या दिवसांसाठी, वार्षिक २४ टक्के दराने दंडात्मक आकार लागेल. उदाहरणार्थ, एक हप्ता २० दिवस उशिरा भरल्यास १४६ रुपये. या आकारावर व्याज लागत नाही. खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने मँडेट परत गेल्यास त्याचे ५०० रुपये वेगळे लागतील.
>
> कर्ज मुदतीआधी फेडायचे असल्यास
> आपण सगळे कर्ज किंवा त्याचा काही भाग मुदतीआधी फेडू शकता. मुदतीआधी भरलेल्या रकमेवर २ टक्के आकार लागेल. काही भाग फेडल्यास हप्ता कमी करायचा की मुदत, हे आपण ठरवावे. आपण न कळवल्यास हप्ता तोच राहील आणि मुदत कमी होईल.

‘पूर्वपरवानगीने’ काढून टाकले आहे, कारण प्रत्यक्षात परवानगी लागत नाही, केवळ सूचना द्यावी लागते.

हिशेबनीस

‘सूचना द्यावी लागते’ हे तरी मसुद्यात कुठे आहे? किती दिवस आधी आणि कोणाकडे, ते त्याच मथळ्याखाली घालावे. ‘या आकारावर व्याज लागत नाही’ हे वाक्य मात्र फार चांगले झाले आहे. त्याच्या जोडीला, न भरलेल्या हप्त्यावर कर्जाचे नेहमीचे व्याज चालू राहते हेही सांगावे. नाहीतर १४६ रुपयांत सगळे मिटले असे कर्जदाराला वाटेल.

तक्त्याबाबत एक इशारा. मंजुरीच्या दिवशी कर्ज वितरणाची तारीख ठरलेली नसते. वितरण १८ तारखेला झाले आणि हप्ता ५ तारखेचा असला, तर मधल्या दिवसांचे व्याज वेगळे निघते. म्हणून मंजुरीपत्रासोबतच्या तक्त्याला ‘नमुना तक्ता’ म्हणावे आणि तारखांसह पक्का तक्ता वितरणानंतर मिळेल असे लिहावे.

भाषांतरकर्ती

‘दंडात्मक आकार’ मला अजून खटकतो. सामान्य वाचकाला दंड म्हटले की न्यायालय किंवा सरकारी खाते आठवते. ‘उशिराचा आकार’ म्हटल्यास कशाबद्दल आहे हे त्या शब्दातच कळते.

हिशेबनीस

माझे मत उलट आहे. हा आकार केवळ उशिरासाठी नसतो. विम्याचे नूतनीकरण न केल्यास किंवा ठरलेली कागदपत्रे न दिल्यासही तो लागू शकतो. शिवाय करारपत्रात एक शब्द आणि मंजुरीपत्रात दुसरा असला, तर हे दोन आकार आहेत असा समज होईल.

मसुदालेखक

आमच्या विधी विभागाचेही म्हणणे असेच आहे आणि करारपत्रातील शब्द ते बदलणार नाहीत. म्हणून मथळा ‘हप्ता उशिरा भरल्यास’ हा आणि मजकुरात ‘दंडात्मक आकार’ असे तूर्त ठेवत आहे. विम्याच्या अटीसाठी मात्र याच मथळ्याखाली जागा करावी की चौथा मथळा द्यावा, हे ठरत नाही. चौथा दिला तर पहिले पान भरून जाते आणि सही दुसऱ्या पानावर जाते. सही पहिल्या पानावर असावी असा विधी विभागाचा आग्रह आहे. याबाबत कोणी प्रत्यक्ष काही करून पाहिले असल्यास कळवावे.