मदत हवी आहे: mtr मध्ये तिसऱ्या हॉपवर ६२% लॉस, खरा की खोटा?

ऑफिसच्या सर्व्हरवर काम करताना सेशन अडखळतं, कॉलवर आवाज तुटतो. सेवा देणारी कंपनी म्हणते, "तिसरा राउटर आयसीएमपीला कमी प्राधान्य देतो, दुर्लक्ष करा." पत्ते बदलून रिपोर्ट देतो आहे:

```
mtr -rwn -c 200 198.51.100.20
                  Loss%  Snt   Avg
1. 192.168.1.1     0.0%  200   1.1
2. 10.20.0.1       0.0%  200   6.3
3. 203.0.113.9    62.0%  200   8.0
4. 203.0.113.33    3.5%  200  24.9
5. 198.51.100.20   4.0%  200  25.6
```

दुर्लक्ष करावं का?

निळावंती: माझ्याकडे पहिल्याच ओळीत ८% दिसायचे, वायफाय सोडून केबल लावली आणि थांबले. तुम्हीही केबल लावून बघा.

धागेदोरे: पहिली ओळ ०% आहे, म्हणजे घरातलं ठीक आहे. मधलं काही बघू नका, फक्त शेवटची ओळ बघायची.

रात्रपाळी: @धागेदोरे, लॉस आहे की नाही हे शेवटची ओळ सांगते, पण तो कुठे सुरू झाला ते सांगत नाही. शिवाय शेवटचा सर्व्हरही आयसीएमपी आवरतं घेत असू शकतो, म्हणून आधी `mtr -rwn -T -P 443 -c 200 198.51.100.20` चालवून बघा (४४३ वर सेवा सुरू असेल तर).

धागाकर्ते, कंपनीचं म्हणणं अर्धंच खरं आहे. पुढे जाणारी पाकिटं राउटर हार्डवेअरमधून ढकलतो, पण टीटीएल संपल्याचं उत्तर त्याच्या सीपीयूला तयार करावं लागतं आणि त्यावर मर्यादा असते. तिसऱ्या हॉपने खरंच ६२% पाकिटं टाकली असती, तर चौथ्या-पाचव्या ओळीतही निदान तेवढाच लॉस दिसला असता. पण तुमच्याकडे चौथ्यापासून शेवटपर्यंत साधारण ४% टिकून आहे. तो खरा वाटतो, आणि ६२ च्या गोंगाटात झाकला गेलाय. वेग कमी करून, `-i 3` लावून पुन्हा चालवा. मर्यादा दर सेकंदाची असेल तर तिसरी ओळ खाली येईल, खरा लॉस राहील.

धागाकर्ता: दोन्ही केलं. टीसीपीनेही शेवटी ४% च्या आसपास. `-i 3` ने तिसरी ओळ ०.५% वर आली, चौथी ४.०, पाचवी ४.५!

रात्रपाळी: मग ६२% हे उत्तरांवरच्या मर्यादेचे होते, आणि खरी गळती तिसऱ्यानंतर दिसते आहे. पण दोष तिसरा-चौथा या दुव्याचाच, असं लगेच म्हणू नका. चौथ्याची उत्तरं वेगळ्या वाटेने परत येत असू शकतात आणि mtr ला जाताना हरवलं की येताना, हे कळत नाही. सर्व्हरवरून तुमच्या पत्त्याकडे त्याच वेळी mtr चालवा आणि दोन्ही रिपोर्ट कंपनीला पाठवा.

धागेदोरे: येतानाच्या वाटेचा विचार मी केलाच नव्हता. पण घरचा राउटर बाहेरून येणारं पिंग अडवत असेल तर?

रात्रपाळी: मग शेवटची ओळ रिकामी दिसेल. तिच्या आधीच्या, उत्तर देणाऱ्या हॉपवर ४% टिकतात का, ते बघायचं.

धागाकर्ता: सर्व्हर सांभाळणाऱ्यांना सांगितलं आहे. संध्याकाळी कॉल तुटतात त्याच वेळी दोन्हीकडून चालवून इथे टाकतो.