अनुभव धागा: रात्रीचे शीत, कालचे हुमण आणि मायक्रोवेव्ह

पर्वरीची पडवी
धागा मुद्दाम एकाच ताटापुरता काढते आहे. फ्रिजमधले रात्रीचे उकड्या तांदळाचे शीत आणि कालचे सुंगटांचे हुमण. कडेचा भात जीभ पोळवतो, मधला गोळा गारच राहतो, आणि सुंगटे चावता चावता दात दुखतात. तुम्ही कसे गरम करता ते भांडे, सेकंद आणि पॉवर यांसकट लिहा. ‘थोडा वेळ ठेवा’ असले उत्तर नको.

फोंड्याची खानावळ
आधी भात. लहरी अन्नात बाहेरून दोनेक सेंटीमीटरच नीट शिरतात, पुढची ऊब हळूहळू आत झिरपते. त्यात थाळी फिरली तरी तिचा मध्यबिंदू जागच्या जागीच फिरतो, म्हणजे तिथे लहरी कमी पडत असतील तर शेवटपर्यंत कमीच पडणार. म्हणून डोंगर करून भात कधी ठेवू नये. पसरट काचेच्या भांड्यात कडेने पसरून मध्ये खळगा ठेवायचा.

दोन माणसांचे, म्हणजे साधारण 250 ग्रॅम शीत धरा. गुठळ्या बोटांनी मोडा आणि दोन मोठे चमचे पाणी शिंपडा. फ्रिजमध्ये भाताचा दाणा कडक होतो, तो परत मऊ व्हायला वाफ लागते. वर ताटली झाका, पण एका बाजूला फट ठेवा. 800 वॅटच्या मशीनवर फुल्ल पॉवरला 1 मिनिट, मग बाहेर काढून खालचे वर करा, परत 45 सेकंद ते 1 मिनिट. त्यानंतर झाकण न काढता 2 मिनिटे तसेच राहू द्या. हा थांबा लोक टाळतात आणि मग मधला भात गार लागला म्हणून मशीनला शिव्या घालतात. मशीन 700 वॅटचे असेल तर दर खेपेला दहाएक सेकंद जास्त.

आता सुंगटे. ती काल एकदा शिजलेली आहेत. परत जास्त तापली की मांस आकसते, आतले पाणी पिळून बाहेर पडते आणि उरते ते रबर. म्हणून सुंगटे वेगळी काढा. नुसता रस्सा खोल वाडग्यात झाकून फुल्लवर दीड मिनिट, मध्ये एकदा ढवळून. तो चांगला वाफाळला की सुंगटे आत बुडवा, पॉवर 50 टक्के करा आणि 45 सेकंद ते 1 मिनिट द्या. परत 2 मिनिटे झाकून ठेवा. आठ-दहा मध्यम सुंगटे आणि दीड वाटी रस्सा असेल तर एवढे पुरते. माणक्यांनाही हाच नियम, फक्त त्या आणखी लवकर चिवट होतात.

50 टक्के म्हणजे लहरी अर्ध्या जोराच्या होतात असे नाही. साध्या मशीनमध्ये त्या काही सेकंद चालू, काही सेकंद बंद असतात. आवाज ऐका, घूंऽऽ येतो आणि थांबतो. त्या बंद काळात ऊब आत पसरते. नारळाचा रसही असा सांभाळून तापवला तर फुटत नाही. फुल्लवर खदखदला की वर तेल आणि खाली चोथा.

मडगाव पाचवा मजला
काका, एवढा सोहळा कशाला? तीन मिनिटे फुल्ल. वाफ आली की जंतू खलास. रात्रभर ओट्यावर राहिलेले शीतसुद्धा आम्ही असेच गरम करतो, आजवर काही झालेले नाही.

पेट्री डिश
जंतू उष्णतेने मरतात, एवढे बरोबर आहे. पण भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असतो आणि त्याचे बीजाणू पहिल्या शिजवण्यातही टिकतात. भात उबदार जागी राहिला की ते रुजतात, वाढतात, आणि त्यांतले काही असे विष तयार करतात की ते उकळूनही जात नाही. तुम्ही जंतू मारता, विष ताटातच राहते. खाल्ल्यावर साधारण अर्ध्या तासापासून सहा तासांत उलट्या सुरू होतात. वासावरून किंवा चवीवरून कळेल असे नाही. म्हणजे निर्णय मायक्रोवेव्हपाशी नव्हे, आदल्या रात्री ओट्यावरच झालेला असतो. शिजल्यापासून दोन तासांत भात पसरट डब्यात फ्रिजमध्ये जायला हवा. मे महिन्यात स्वयंपाकघर 32 अंशांच्या वर असते तेव्हा एकाच तासात. तो दुसऱ्या दिवशी संपवा आणि एकदाच गरम करा.

बांगड्याची गोष्ट वेगळी, पण तशीच. कच्चा बांगडा बर्फाविना पडून राहिला तर त्याच्यात हिस्टामिन तयार होते, तेही शिजवून किंवा परत गरम करून जात नाही. जीभ चुरचुरली, तोंडाभोवती लाली आली तर दोष तिरफळांना देऊ नका, ते हुमण टाकून द्या. आणि त्रास वाढला, श्वास लागला तर सरळ डॉक्टर.

बाकी सगळे अन्न मध्यभागी 74 अंशांना पोहोचले पाहिजे. स्वयंपाकाचा टोकदार थर्मामीटर दोन-तीन ठिकाणी खुपसून बघा, फक्त मशीन चालू असताना आत ठेवू नका.

मडगाव पाचवा मजला
मग शेजघरातल्या फॅनखाली पसरून ठेवले तर? फ्रिजमध्ये गरम भात घालू नये म्हणतात ना.

पेट्री डिश
फॅनखाली पसरून अर्धा तास चालेल, रात्रभर नाही. पातळ थर असेल तर कोमट भात फ्रिजमध्ये खुशाल जाऊ द्या. अख्खा टोप घातला तर मात्र आतला भात तासन्‌तास कोमटच राहतो.

पाटोचा डबेवाला
माझा प्रश्न ऑफिसचा. मशीन एक, रांगेत पंधरा जण, प्रत्येकाला दीड मिनिट. डबा प्लास्टिकचा, आत भात, भाजी, तळलेली मासळी एकत्र. हुमणाच्या डब्याला तेलाच्या रेषेवर खरबरीत पांढरा पट्टा पडला आहे. तो धोकादायक का?

फोंड्याची खानावळ
तेल पाण्यापेक्षा खूप जास्त तापते, तिथे प्लास्टिक वितळून सोलते. तो डबा आता बटणे ठेवायला वापरा. काचेचा पसरट डबा घ्या. दीड मिनिटच मिळणार असेल तर भात कमी आणा, पातळ पसरा आणि 45 सेकंदांनी मशीन थांबवून ढवळा, मागचा कुरकुरला तरी. तळलेली मासळी वेगळी ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये आतली वाफ रव्याच्या कवचात अडकते, कवच लिबलिबीत होते आणि इसवण आतून सुकते. ऑफिसात ती गारच बरी, घरी तव्यावर.

हळदोण्याची बाय
माझा गोठलेला पापलेट डीफ्रॉस्टला शेपटीकडे शिजतो आणि पोटाकडे बर्फच राहतो. किती मिनिटे लावू?

पर्वरीची पडवी
बाय, धागा शिजलेल्याचा आहे गो! पण कारण सोपे आहे. बर्फ लहरी फारशा शोषत नाही, पाणी शोषते. शेपटी आधी सुटली की सगळी ऊब तीच ओढते. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवा.

पोईवाली
पोई ओलसर फडक्यात गुंडाळून फक्त 10 ते 15 सेकंद, आणि लगेच खायची. गार झाली की मूळच्यापेक्षा कडक होते. अंड्याच्या हुमणातले अंडे अख्खे ठेवू नका. सोललेले असले तरी बलकात वाफ कोंडते आणि कधी कधी ताटात काढून सुरी लावल्यावर फुटते. उभे कापून दोन फोडी करा.

भातावर बर्फाचा खडा ठेवून गरम करतात, तो न वितळता परत निघतो. त्याने खरेच फरक पडतो का?

फोंड्याची खानावळ
खडा वितळत नाही तर पाणी कुठून देणार? मला तरी वाफ झाकणामुळेच येते असे दिसते.

पाटोचा डबेवाला
आमच्याकडे दोघे ठेवतात, त्यांचा भात माझ्यापेक्षा मऊ असतो. झाकण मात्र तिघांचेही सारखेच आहे.

पर्वरीची पडवी
त्यांचा तांदूळ कोणता ते आधी विचारा. उकडा की सुरय?